आरंभीचा फटका

आषाढात महाबळेश्वरास पाऊस कोसळू लागला, म्हणजे मैदाने ओस पडतात आणि मुले टेबल टेनिसच्या टेबलाभोवती जमतात. अशाच एका सामन्यात घडलेली गोष्ट सांगतो.

गुणसंख्या नऊ–दहा होती. नऊ गुणांच्या मुलाकडे सर्व्हिस, म्हणजे आरंभीचा फटका होता. त्याने चेंडू किंचित उडवून झटकन टोलविला. प्रतिस्पर्ध्याला तो परतविता आला नाही. मुलगा आनंदाने हसला. परंतु पंचांनी गुण प्रतिस्पर्ध्यास दिला. डाव संपला. “चेंडू तर टेबलावरच पडला होता!” मुलगा म्हणाला.

पंचांनी त्याला जाळीजवळ नेले व म्हटले, “ही जाळी सव्वापंधरा सेंटिमीटर उंच आहे. तळहातातून सुटल्यावर चेंडू निदान सोळा सेंटिमीटर, म्हणजे हिच्या उंचीपेक्षा थोडा अधिक, वर गेला पाहिजे. तुझा चेंडू हिच्या निम्म्यापर्यंतही गेला नाही.”

हा नियम इतका कडक कशासाठी? 1930 नंतरच्या काही वर्षांत काही अमेरिकन खेळाडू चेंडू बोटांत दाबून त्याला विलक्षण फिरकी देत. ती परतविणे इतके कठीण झाले, की खेळ आरंभीच संपू लागला. म्हणून अशा फिरकीवर बंदी आली. आज चेंडू उघड्या तळहातावर स्थिर ठेवावा लागतो, आणि फिरकी न देता जवळजवळ सरळ वर उडवावा लागतो. तो खाली येऊ लागल्यावरच मारावयाचा असतो. प्रथम तो आपल्या बाजूस टप्पा घेतो, मग जाळीवरून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूस पडतो.

नवशिक्यांच्या हातून चार चुका वारंवार होतात. पहिली चूक वर सांगितलीच. दुसरी, तळहात टेबलाच्या पातळीखाली ठेवणे. चेंडू आरंभापासून फटक्यापर्यंत त्या पातळीच्या वर आणि टेबलाच्या कडेमागे असावा लागतो. तिसरी, मोकळा हात चेंडूपुढे तसाच ठेवणे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यास चेंडू दिसत नाही. हात ताबडतोब बाजूला घ्यावा. चौथी, उडविलेला चेंडू हुकल्यावर पुन्हा संधी मागणे. हुकलेल्या सर्व्हिसचा गुण प्रतिस्पर्ध्यास मिळतो. मात्र नियमानुसार केलेल्या सर्व्हिसचा चेंडू जाळीस स्पर्शून योग्य जागी पडला, तर गुण कोणालाच नसतो. ती सर्व्हिस पुन्हा करावयाची.

पंचांस केवळ शंका असेल, तर ते प्रथम ताकीद देऊन सर्व्हिस पुन्हा करावयास सांगतात. चूक उघड असेल, तर ताकीद नाही. त्या मुलाची चूक उघड होती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच टेबलाशी उभा राहून, जाळीकडे पाहत चेंडू वर उडवीत होता.