आधी साठा, मग औषध: थायरॉइडच्या औषधांचा क्रम

थायरॉइडची औषधं पाठ करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. ही ग्रंथी हार्मोन नुसतं तयार करत नाही, काही आठवडे पुरेल एवढं साठवूनही ठेवते. औषध निर्मिती थांबवतं, की साठ्याचं दार बंद करतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

समजा, 32 वर्षांच्या एका बाईंना ग्रेव्हजचा आजार आहे. त्यांना कार्बिमॅझोल सुरू केलं. शरीरात त्याचं मेथिमॅझोल होतं आणि ते पेरॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. त्यामुळे आयोडीन टायरोसिनला जोडलं जात नाही, नवं हार्मोन बनत नाही. पण आठ दिवसांनी बाई म्हणतात, "छातीतली धडधड तशीच आहे." असणारच! जुना साठा अजून बाहेर येतोय. तोवर धडधडीला प्रोप्रानोलॉल द्यायचं.

सहाव्या आठवड्यात त्यांना ताप आला, घसा दुखू लागला. इथे थांबा. साधा घसा म्हणून सोडून देऊ नका. थायोनामाइडने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात, त्याला अॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. गोळी लगेच बंद करायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पेशी मोजायच्या. मोजणीत न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच असं दिसलं, तर बदली म्हणून प्रोपिलथायोयुरॅसिलही चालत नाही, कारण त्यानेही तेच होऊ शकतं. शिवाय ते यकृताला गंभीर इजा करू शकतं.

पेशी सावरल्यावर रेडिओआयोडीनचा विचार होतो. आयोडीन-131 ग्रंथी स्वतःच ओढून घेते आणि त्याचे बीटा किरण तिच्या पेशी मारतात. परिणामाला काही आठवडे ते महिने लागतात. आधी गरोदरपण नाही याची खात्री हवीच. ग्रेव्हजमधला डोळ्यांचा त्रास यानं वाढू शकतो, तेव्हा डोळेही तपासायचे. आणि त्याआधी साधं आयोडीन दिलं, तर ग्रंथी त्यानेच भरते आणि किरणोत्सारी आयोडीन आत शिरत नाही.

मग साधं आयोडीन कशासाठी? भरपूर मात्रेत ते साठ्याचं दार बंद करतं, तेही लवकर. म्हणून शस्त्रक्रियेआधी साधारण दहा दिवस ल्यूगॉलचं द्रावण देतात. पण हा परिणाम टिकत नाही. थायरॉइड स्टॉर्ममध्ये आधी प्रोपिलथायोयुरॅसिल आणि किमान तासाभराने आयोडीन, हा क्रम त्यामुळेच. उलटं केलंत तर कारखाना चालू असताना कच्चा माल पुरवलात!

आपल्या बाईंची ग्रंथी पुढे बहुधा थंडावेल. मग लेव्होथायरॉक्सिन, सकाळी उपाशीपोटी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. याचं अर्धायुष्य सुमारे 7 दिवस, म्हणून टीएसएच सहा आठवड्यांनी तपासायचं. मात्रा जास्त झाली की तीच जुनी धडधड परत येते, आणि बराच काळ तशीच राहिली तर हाडं ठिसूळ होतात.