जागतिक वारसा झालेल्या गडांना राखतं कोण?

जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले: महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. नाव सुचवण्याचा अधिकार फक्त देशाच्या सरकारला असतो. भारताने 2021 मध्ये हे किल्ले संभाव्य यादीत घातले, मग सविस्तर प्रस्ताव पाठवला. इकोमॉस या संस्थेचे तज्ज्ञ गड पाहून गेले. ते केवळ सल्ला देतात. निर्णय 21 देशांची समिती घेते.

पण युनेस्को गडावर पहारेकरी नेमत नाही, दरवर्षी पैसेही देत नाही. रायगडाला संरक्षण आहे ते आपल्याच 1958 च्या कायद्याचं: संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे दोनशे मीटर परवानगीने. राजगड मात्र राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. म्हणजे दर्जा एक, राखणदार वेगळे.

युनेस्कोच्या हाती जाब विचारणं, ‘धोक्यातील वारसा’ ठरवणं आणि शेवटी नाव काढणं एवढंच उरतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एल्बे खोऱ्यात पुलाचं काम थांबेना, म्हणून 2009 मध्ये त्याचं नाव काढलं. पूल तरीही झालाच. आपल्या गडांच्या पायथ्याशी वाढणाऱ्या बांधकामांकडे म्हणूनच मला काळजीने पाहावंसं वाटतं; तिथली परवानगी पॅरिसमध्ये नव्हे, इथल्याच कार्यालयांत मिळते.