आकृतीतील बाणाचे लेखी रूप

डेटा प्रवाह आकृतीतील बाण माहिती कोठून कोठे जाते एवढेच दर्शवितो; क्रम व अपयश दर्शवीत नाही. त्यामुळे लेखी दस्तऐवजात प्रत्येक बाणाखाली उत्तर न आल्यास काय करावे, हेही नोंदविणे आवश्यक ठरते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचे उदाहरण घेऊ. मध्यवर्ती स्विचकडून लाभार्थीच्या बँकेकडे जाणारा बाण असा लिहावा : ‘देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाल्यावरच स्विच जमा करण्याची विनंती पाठवितो. बँकेने नकार दिल्यास रक्कम परत केली जाते. उत्तरच न आल्यास ताळमेळानंतर निर्णय होतो.’ हा भेद लिहिला नाही, तर प्रोग्रामर मौनालाच नकार समजेल आणि लाभार्थीच्या खात्यात जमा झालेली रक्कम देणाऱ्यालाही परत जाईल.