शुल्कपावतीतील तफावत आणि लेखा विभागाला तक्रारपत्र

तफावत कुठून येते

पोर्टलवरील स्क्रीनशॉट विद्यार्थ्याच्या खात्यातून गेलेली एकूण रक्कम दाखवतो. पावती महाविद्यालयाने शुल्क म्हणून जमा धरलेली रक्कम दाखवते. दोन्हींच्या मध्ये पेमेंट गेटवे असतो. त्याचे सुविधा शुल्क आणि त्यावरील जीएसटी बहुधा पावतीत येत नाही. त्यामुळे तफावत दिसली म्हणजे चूक झालीच, असे नाही.

आधी वजाबाकी

समजा, स्क्रीनशॉटवर २४,८५४ रुपये आहेत आणि पावती २२,५०० रुपयांची आहे. फरक २,३५४ रुपयांचा. व्यवहाराच्या तपशिलात सुविधा शुल्क ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४ रुपये दिसतो. हे ३५४ रुपये वगळले की उरतात २,००० रुपये. तक्रार एवढ्याच रकमेची असते. ती मागील वर्षाच्या थकबाकीत वळती झालेली असू शकते, विलंब शुल्कात धरली गेलेली असू शकते किंवा नोंदीतून सुटलेली असू शकते.

पत्राची मांडणी

विषयाच्या ओळीतच पावती क्रमांक आणि शैक्षणिक वर्ष येते. पुढे नाव, वर्ग, प्रवेश क्रमांक, भरण्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर बारा अंकी असतो आणि लेखनिक त्यावरूनच बँकेच्या नोंदीत रक्कम शोधतो. मुख्य मजकूर दोन वाक्यांत मावतो: “सुविधा शुल्क व कर वगळता मी २४,५०० रुपये भरले असून पावती २२,५०० रुपयांची मिळाली आहे. उर्वरित २,००० रुपये कोणत्या शीर्षाखाली जमा झाले ते कळवावे आणि नोंद चुकली असल्यास सुधारित पावती द्यावी, ही विनंती.”

सोबतची कागदपत्रे

स्क्रीनशॉट, पावतीची प्रत आणि त्या दिवसाचा बँक खातेउतारा जोडला जातो. या तिन्हींत खातेउताऱ्याचे वजन अधिक, कारण ती बँकेची स्वतःची नोंद असते. मूळ पावती विद्यार्थ्याकडेच राहते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला की पत्र दिल्याचा पुरावा तयार होतो.

मर्यादा आणि पुढची पायरी

व्यवहार ‘प्रलंबित’ किंवा ‘अयशस्वी’ दिसत असेल, तर पैसे महाविद्यालयाकडे पोहोचलेलेच नसू शकतात. अशा वेळी पहिली तक्रार बँकेकडे जाते. रक्कम पोहोचूनही लेखा विभाग उत्तर देत नसेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार स्थापन झालेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कार्यालयीन दिवसांत अहवाल देणे अपेक्षित आहे आणि तिच्या निर्णयावर लोकपालाकडे अपील करता येते. तेथेही पहिला आधार आवक क्रमांक असलेल्या त्याच पत्राचा असतो.