गॅदरिंगचे पास घरटी दोनच का?

तीर्थपुरीतल्या पालकांनो, गॅदरिंगचे पास मोजकेच मिळाले की कुरकुर होतेच. पण साधा हिशेब बघा: मंडपात 600 खुर्च्या आणि शाळेत 300 कुटुंबं असतील, तर घरटी दोनच पास येतात. म्हणूनच पास मुलामागे नाही, कुटुंबामागे देतात.

खुर्च्या वाढवून जास्त गर्दी का करू नये, तेही बघा: 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मंडपाला आग लागली. गर्दी खच्चून, बाहेर पडायची वाट अपुरी. 400 हून जास्त माणसं गेली, त्यात मुलंच अधिक.

तेव्हा आजीला आणायचं असेल तर आई-बाबांपैकी एकानं घरी थांबावं. पासची झेरॉक्स काढू नका आणि मधल्या वाटेत जादा खुर्ची टाकू नका.