टाकीचं उत्तर ४.८ लिटर आलं तर?

मेट्रिक एककांची वर्कशीट तपासताना मी उत्तराचा आकडा सर्वांत शेवटी बघतो. आधी एककं.

हे गणित घ्या: टाकी १.२ मीटर लांब, ८० सेंमी रुंद, ५० सेंमी उंच. पाणी किती लिटर मावेल? बरीच मुलं १.२ × ८० × ५० = ४८०० करतात, १००० ने भागतात आणि ४.८ लिटर लिहून मोकळी होतात. गुणाकार अचूक, पण प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलं की घोळ उघडा पडतो. मीटर × सेंमी × सेंमी म्हणजे घनसेंमी नव्हे. १००० ने भागून लिटर मिळतात ते फक्त घनसेंमीचे. लांबी १२० सेंमी घेतली की ४,८०,००० घनसेंमी, म्हणजे ४८० लिटर.

मात्र एककं जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही. कुणी एक शून्य गाळून ४८ लिटर लिहिलं, तरी एकक लिटरच राहतं. म्हणून तेच गणित मीटरमध्ये करा: १.२ × ०.८ × ०.५ = ०.४८ घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे पुन्हा ४८०. इथे दुसरा सापळा आहे. १ मीटर = १०० सेंमी हे पाठ असल्याने मुलं घनमीटरचे घनसेंमी करतानाही १०० नेच गुणतात. खरं तर १०० ने तीनदा गुणायचं: १०,००,००० घनसेंमी. चौरस मीटरला दोनदा, म्हणजे १०,०००.

पालकांनो, नुसती फुली मारू नका. चुकलेल्या ओळीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायला सांगा.