एकतीस मार्चची दुपार अहवालातून कुठे जाते?

मार्चअखेरीस घरपट्टी भरायला गेलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात मोठी रांग ३१ तारखेलाच असते. गर्दीमुळे खिडकी उशिरापर्यंत उघडी ठेवतात आणि पावत्या निघत राहतात. पुढे एप्रिलमध्ये कुणीतरी संगणकाला मार्चची एकूण वसुली विचारतो, आणि उत्तरातून नेमका त्याच दिवसाचा बहुतेक भरणा गायब असतो. पडद्यावर चुकीचा इशारा येत नाही. आकडा येतो, नीट छापलेला येतो, फक्त तो कमी असतो.

हे कसं घडतं ते समजायला एक छोटं उदाहरण पुरेल. समजा, एका नगरपालिकेच्या संगणकात `pavatya` नावाचा तक्ता आहे. त्यात प्रत्येक पावतीची रक्कम `rakkam` या रकान्यात आणि पावती फाडल्याची तारीख-वेळ `vel` या रकान्यात आहे. महिन्याच्या शेवटच्या पाचच नोंदी पाहू. ३० मार्चला दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी ४,२०० रुपये. ३१ मार्चला एका चेकचे १,५०० रुपये. त्याच दिवशी सकाळी १०:४२ला ३,००० आणि संध्याकाळी ६:५५ला ६,३०० रुपये. शेवटी १ एप्रिलचा आणखी एक चेक, २,००० रुपयांचा. चेकच्या नोंदी करताना कारकून फक्त तारीख टाकतो, म्हणून संगणक वेळेच्या जागी आपणहून ००:००:०० भरतो. मार्चची खरी बेरीज १५,००० रुपये आहे. आता एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारला जातो:

```sql
SELECT SUM(rakkam) FROM pavatya
WHERE vel BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31';
```

उत्तर येतं ५,७०० रुपये. सकाळचे ३,००० आणि संध्याकाळचे ६,३०० त्यात नाहीत.

`BETWEEN` दोन्ही टोकं धरतो, हे पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. गोची आहे ती टोक कुठे पडतं यात. आपण ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणतो तेव्हा तो अख्खा दिवस आपल्या मनात असतो. संगणकाला मात्र `vel` या रकान्याशी तुलना करण्यासाठी तारीख आणि वेळ दोन्ही लागतात. आपण वेळ दिली नाही, म्हणून तो ३१ मार्चच्या सुरुवातीचा क्षण धरतो, म्हणजे रात्रीचे बारा. किलोमीटरच्या दगडापर्यंत चालत जा म्हटल्यावर माणूस दगडाला हात लावून थांबतो, तसा हा शोध ३१ तारखेच्या उंबरठ्याला लागून थांबतो. बारा वाजून एका सेकंदाची पावतीसुद्धा त्याच्या लेखी पलीकडची.

मला यात सर्वांत धोकादायक वाटतो तो १,५०० रुपयांचा चेक. त्याची वेळ ००:००:०० असल्यामुळे तो बरोबर टोकावर बसतो आणि बेरजेत येतो. दिवसवार यादी काढली, तर ३१ मार्चची ओळ त्यात दिसते, तिच्यासमोर रक्कमही दिसते. ओळ कोरी असती तर कुणीतरी थबकलं असतं. थोडीशी रक्कम दिसली की माणूस पुढच्या कामाला लागतो.

हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो याचीही कारणं आहेत. पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न लिहिला गेला तेव्हा रकान्यात फक्त तारीख असायची आणि तेव्हा तो अचूक होता. आजही रकाना शुद्ध तारखेचा असेल तर `BETWEEN` बिनधास्त वापरावा. पुढे कधीतरी ऑनलाइन भरणा सुरू होतो, वेळ नोंदवणं गरजेचं ठरतं, रकान्याचा प्रकार बदलतो, आणि जुने अहवाल उघडून बघायचं राहून जातं. चाचणीसाठी हाताने टाकलेल्या नोंदींनाही वेळ नसते, त्यामुळे चाचणी पास होते. ओरॅकलमध्ये तर `DATE` नावाच्या प्रकारातच तास, मिनिटं, सेकंद साठवलेले असतात, पण पडद्यावर अनेकदा नुसती तारीख दिसते. न दिसणाऱ्या वेळेचा संशय कोण घेणार?

आपल्याकडे हे झालंय का, हे एका ओळीत विचारता येतं:

```sql
SELECT COUNT(*), SUM(rakkam) FROM pavatya
WHERE vel > '2025-03-31' AND vel < '2025-04-01';
```

उत्तरात येणाऱ्या नोंदी म्हणजे नेमक्या सुटलेल्या नोंदी. आपल्या उदाहरणात दोन नोंदी, ९,३०० रुपये. संगणकाला हात न लावणाऱ्या हिशेबनीसालाही एक ताळा घेता येतो: बारा महिन्यांच्या अहवालांची बेरीज वार्षिक अहवालाशी जुळवून पाहायची. याच पद्धतीने काढलेल्या मासिक अहवालांतून बारा शेवटचे दिवस निसटतात, वार्षिक अहवालातून एकच. दोन आकड्यांत फरक निघाला तर शोध इथून सुरू करावा.

दुरुस्ती म्हणून सुचणारे पहिले दोन उपाय मात्र टाळावेत. एक म्हणजे शेवट १ एप्रिल करणे. मग १ एप्रिलचा मध्यरात्रीच्या वेळेचा चेकही आत येतो, बेरीज १७,००० होते आणि तेच २,००० रुपये एप्रिलच्या अहवालात पुन्हा मोजले जातात. दुसरा उपाय म्हणजे शेवटी २३:५९:५९ लिहिणे. सेकंदाचे अंश साठवणाऱ्या रकान्यात त्या शेवटच्या सेकंदातली नोंद तरीही सुटते. म्हणून कुणी २३:५९:५९.९९९ लिहितो, आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नवीनच अडचण उभी राहते. तिथला जुना `datetime` प्रकार सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंतच मोजतो, त्यामुळे .९९९ हे पुढे ढकललं जाऊन १ एप्रिलचे ००:०० होतात. बेरीज परत १७,०००.

दिवसाचा शेवटचा क्षण शोधायचाच कशाला? पुढच्या दिवसाचा पहिला क्षण आपल्याला पक्का ठाऊक असतो. त्याच्या आधीचं सगळं घ्यायचं, तो क्षण घ्यायचा नाही:

```sql
WHERE vel >= '2025-03-01'
  AND vel <  '2025-04-01'
```

आता बेरीज १५,००० येते. सेकंदाचे अंश कितीही बारीक असोत, फरक पडत नाही. फेब्रुवारी २८चा की २९चा, हेही बघावं लागत नाही. मार्चचा शेवट आणि एप्रिलची सुरुवात एकाच क्षणाला होत असल्याने नोंद दोन्हीकडे मोजली जात नाही आणि मधल्यामध्ये पडतही नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका टिपणात आकड्यांच्या मर्यादा अशाच लिहाव्यात, सुरुवात धरून आणि शेवट वगळून, असं मांडलं होतं. पडद्यावर वापरणाऱ्याला ‘१ ते ३१ मार्च’ असंच निवडू द्यावं. शेवटच्या तारखेत एक दिवस मिळवण्याचं काम प्रोग्रॅमने आतल्या आत करावं. `DATE(vel)` असं लिहून वेळ छाटूनही बरोबर उत्तर मिळतं, पण मायएसक्यूएलमध्ये त्यामुळे `vel`वरची साधी अनुक्रमणिका वापरली जात नाही आणि मोठ्या तक्त्यात उत्तराला उशीर लागतो.

वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवलेल्या असतील तर सीमाही सरकवाव्या लागतात. भारतातला मार्च २०२५ त्या घड्याळात २८ फेब्रुवारीच्या १८:३०ला सुरू होतो आणि ३१ मार्चच्या १८:३०ला संपतो.

प्रश्न दुरुस्त केला की मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात, आणि ते आकडे सभेपुढे ठेवून झालेले असतात. म्हणून जुना आकडा, नवा आकडा आणि फरक कोणत्या पावत्यांचा आहे याची यादी काढून ती आधी लेखा विभागाकडे द्यावी, आणि दुरुस्त अहवाल त्यानंतरच सुरू करावा.